फॉइलमधला बटाटा रात्रभर बाहेर राहिला, तर खावा का?

पाचगणीचा कॅम्प असो किंवा सांगलीकडच्या शेतातली हुरडा पार्टी, शेकोटीत फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटे हमखास टाकले जातात. उरलेले बटाटे तसेच फॉइलमध्ये राहतात आणि सकाळी नाश्त्याला खाल्ले जातात. खरा धोका याच सवयीत आहे.

फॉइलमध्ये नेमकं काय होतं?

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू बटाट्याच्या सालीला चिकटून येतात. बटाटा भाजताना त्याच्या आतल्या पाण्यामुळे तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही आणि तेवढ्या उष्णतेत हे बीजाणू मरत नाहीत. वरून घट्ट फॉइल असल्याने ओलावा आत राहतो, हवा मात्र पोहोचत नाही. बटाट्यात आंबटपणाही नसतो. बटाटा कोमट झाला की बीजाणू जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात.

अमेरिकेतल्या एल पासो शहरात १९९४ मध्ये हेच घडलं. एका रेस्टॉरंटमध्ये फॉइलमध्ये भाजलेले बटाटे काही दिवस बाहेरच ठेवले होते. त्यांचं डिप बनवलं गेलं आणि ३० जण आजारी पडले.

मग व्हॅक्यूम पॅकचं काय?

तिथेही हवा नसते. एरवी अन्न नासवून वास आणि बुळबुळीतपणा आणणारे बरेच जिवाणू हवेशिवाय वाढत नाहीत. त्यामुळे पाकीट चांगलं दिसतं, पण आत विष असू शकतं. पनीर, मासे, सॉसेज यांच्या पाकिटावर ‘कीप रेफ्रिजरेटेड’ लिहिलेलं असेल, तर ते पॅकिंग फ्रिजची जागा घेत नाही. असं पाकीट साताऱ्याहून सांगलीला न्यायचं असेल, तर बर्फाच्या पेटीतूनच न्या. सुकी चटणी, शेंगदाणे यांचं तसं नाही. त्यांत जिवाणूला लागणारं पाणीच नसतं.

काय करायचं?

बटाटे गरम असतानाच खा. उरले तर फॉइल काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. रात्री नऊला शेकोटीतून काढलेला बटाटा सकाळी फॉइलमध्येच सापडला, तर टाकून द्या. चव घेऊन बघू नका. गोठवलेले व्हॅक्यूम पॅक मासे वितळवताना पाकीट आधी उघडा आणि मासे फ्रिजमध्येच वितळू द्या.

लक्षणं कशी ओळखायची?

बहुतेकदा १२ ते ३६ तासांत एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, घास गिळता येत नाही. ताप सहसा नसतो. अशक्तपणा डोक्याकडून खाली उतरत जातो आणि शेवटी श्वास अडू शकतो. त्यामुळे घरी थांबू नका, लगेच मोठं रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं होतं तेही डॉक्टरांना सांगा. यावरचं प्रतिविष विषाची पुढची वाढती इजा थांबवतं, झालेली इजा भरून काढत नाही.