उसने डोळे

लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे छान हसताहेत आणि नेमके नवरीचे डोळे मिटलेले. पुढच्याच क्षणी काढलेला फोटो हाताशी असेल, तर त्यातले डोळे उचलून बसवणं सोपं असतं. पण तसा फोटो नसला आणि सकाळी अंगणात, उन्हात काढलेल्या हळदीच्या फोटोतून डोळे घ्यावे लागले, तर खरी कसोटी लागते. रात्रीच्या मंडपात, पिवळ्या दिव्यांखाली, ते डोळे परके दिसतात.

सुरुवात डोळ्याच्या पांढऱ्या भागापासून करावी. तो खरं तर पांढरा नसतोच. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, कोपऱ्यांत गुलाबी झाक असते आणि बाकी रंग दिव्याचा. नवरीचे डोळे मिटलेले, म्हणून माप घ्यायचं शेजारी उभ्या करवलीच्या डोळ्यांवरून. समजा, फोटोशॉपमध्ये तिथे लाल 168, हिरवा 146, निळा 122 असे आकडे दिसले आणि उन्हातल्या डोळ्यात 205, 208, 214. मग कर्व्हजमध्ये तिन्ही रंग वेगवेगळे खाली आणायचे, निळा सर्वांत जास्त. डोळे ‘चमकवायचा’ मोह इथेच आवरावा. नवशिक्याचं काम बहुधा या चमकीवरूनच ओळखू येतं.

त्यानं बुबुळाचा रंगही बराचसा जुळतो, पण पूर्ण नाही. तपकिरी बुबुळ उन्हात मधासारखं उजळतं. मंडपात ते जवळजवळ काळं दिसतं. म्हणून फक्त बुबुळ निवडून आणखी गडद करावं लागतं. त्यात उमटलेलं आकाशाचं मोठं प्रतिबिंब पुसून, करवलीच्या डोळ्यात दिव्याचा ठिपका जिथे आहे तिथेच लहानसा ठिपका ठेवायचा.

मग बाहुली. बुबुळ साधारण 12 मिलिमीटर रुंद असतं. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते, मंद उजेडात पाच-सहाची. फोटोत बुबुळ 40 पिक्सेल रुंद असेल, तर बाहुली आठ-दहावरून अठराच्या आसपास न्यावी लागते. मऊ कडेच्या ब्रशनं ती रंगवता येते, मात्र निव्वळ काळ्या रंगानं नव्हे. करवलीच्या बाहुलीतला काळा उचलावा. बुबुळाची बाहेरची कड हलू द्यायची नाही, नाहीतर डोळे वटारल्यासारखे दिसतात. फ्लॅश वापरलेला असला तरी बाहुली मोठीच ठेवायची, कारण ती आकसायच्या आत फ्लॅश विझलेला असतो. व्हिडिओवाल्याचा दिवा सतत चेहऱ्यावर असेल, तर मात्र ती लहान हवी.

शेवटी फोटो तात्पुरता कृष्णधवल करून दुरून पाहावा. नजर आधी त्या डोळ्यांकडेच गेली, तर पांढरा भाग अजून उजळ आहे. मंडपातल्या फोटोत दाणे असतील, तर तेवढेच या डोळ्यांवरही घालावे लागतात. आणि हळदीत नवरी खळखळून हसत असेल, तर खालची पापणी वर चढलेली असते. असा डोळा मंडपातल्या शांत चेहऱ्यावर कितीही रंग जुळवले तरी बसत नाही. तेव्हा दुसरा फोटो शोधावा.