आजीच्या ट्रंकेतले सागरगोटे

आठ वर्षांच्या मुलासाठी आजीच्या ट्रंकेची गोष्ट लिहायची, तर त्यातली सगळी खेळणी बाहेर काढू नयेत. भातुकली, भोवरा, ठकी अशी यादी सुरू झाली की गोष्ट थांबते. एकच खेळणं उचलावं आणि त्याला काहीतरी करू द्यावं. मी सागरगोटे निवडेन.

मीराला ट्रंकेच्या तळाशी कापडी पिशवी सापडते. आत पाच राखाडी, गुळगुळीत गोटे. "आजी, हे दगड कशाला गं जपून ठेवलेस?" आजी काही न बोलता एक गोटा फरशीवर खसाखसा घासते आणि मीराच्या दंडाला टेकवते. चटका! दगड कुठला, ती तर काटेरी वेलीची बी.

मग खेळ रंगतो. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. नंतर दोन-दोन, शेवटी चारही एकदम. मीरा चुकते, कारण तिची नजर जमिनीवर असते. ती वरच्या गोट्यावर हवी.

इथे आजीलाच जिंकू द्यावं. मोठी माणसं मुद्दाम हरली की मुलांना लगेच कळतं.