हातातली चिठ्ठी हरवू नये म्हणून

बसचं तिकीट काढल्यावर पडद्यावर ‘आरक्षण झाले’ लगेच उमटतं, एसएमएस मात्र काही सेकंदांनी येतो. एसएमएस कंपनीच्या उत्तरासाठी प्रवाशाला ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून सर्व्हर तिकीट नोंदवतो, रेडिसच्या यादीत `LPUSH`ने एक चिठ्ठी टाकतो आणि मोकळा होतो. वर्कर नावाचा वेगळा प्रोग्रॅम दुसऱ्या टोकाने चिठ्ठी उचलून संदेश पाठवतो.

खरी मेख उचलण्यात आहे. `BRPOP`ने उचललेली चिठ्ठी यादीतून त्याच क्षणी पुसली जाते. संदेश जाण्याआधी वर्कर बंद पडला, तर ती कुठेच उरत नाही आणि प्रवासी वाट पाहत राहतो. म्हणून रेडिस 6.2 पासून `BLMOVE` वापरता येतं. ते चिठ्ठी ‘काम चालू’ या दुसऱ्या यादीत सरकवतं. संदेश गेल्यावरच `LREM`ने ती काढायची. तिथे फार वेळ पडून राहिलेली चिठ्ठी पुन्हा रांगेत लावायची.

पण संदेश गेला आणि चिठ्ठी काढण्याआधीच वर्कर कोसळला, तर तोच एसएमएस दोनदा जातो. पाठवलेल्या तिकिटांचे क्रमांक नोंदवले तर हे बरंच टळतं, पूर्णपणे नाही. तिकिटाच्या बाबतीत मला दोनदा आलेला संदेश चालेल, न आलेला नाही.