वर ढकलायला कुणीच नाही

पॉलीहाऊसच्या मधोमध टांगलेला तापमानाचा सेन्सर दुपारभर ३१-३२ अंश दाखवत असतो आणि मध्येच एकदा १२८.८६ दाखवतो. पुढच्या मिनिटाला पुन्हा ३२. सेन्सर खराब निघाला म्हणून नवा आणून बसवला जातो, तर तोही तेच करतो.

हा आकडा मात्र उगाच आलेला नाही. एसएचटी२१ नावाचा सेन्सर १६ बिटांची एक संख्या पाठवतो आणि तिच्यावरून तापमान असं काढतात:

```
T = -46.85 + 175.72 × S / 65536
```

शेवटचे दोन बिट तापमानाचे नसतात, ते शून्य धरायचे. उरलेले सगळे बिट १ घालून पाहिलं की उत्तर बरोबर १२८.८६ येतं. म्हणजे सेन्सरने चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. तो गप्प होता आणि त्या गप्प बसण्यालाच समोरच्याने उत्तर समजून वाचून टाकलं. गप्प बसणं म्हणजे सगळे १, हे असं का, याचं उत्तर त्या सेन्सरला जोडलेल्या दोन तारांच्या स्वभावात आहे.

या जोडणीला आयटूसी म्हणतात. फिलिप्स कंपनीने १९८२ च्या सुमारास टीव्हीच्या आतल्या चिप एकमेकींशी बोलाव्यात म्हणून ती काढली आणि आज ती मोबाइलपासून वीजमीटरपर्यंत सगळीकडे आहे. एक तार माहितीची, एसडीए. दुसरी ठोक्याची, एससीएल. कंट्रोलर एससीएलवर ठोके देतो, प्रत्येक ठोक्याला एसडीएवरून एक बिट जातो. आठ बिट झाले की नवव्या ठोक्याला ऐकणाऱ्याने पोच द्यायची.

गंमत आहे ती तार चालवण्याच्या पद्धतीत. जुन्या एसटीत छताखालून घंटेची दोरी गेलेली असायची. ती कुणीही ओढू शकत असे, कंडक्टर असो की मागच्या बाकावरचा प्रवासी, पण दोरी जागेवर परत नेण्याचं काम स्प्रिंगचं. आयटूसीच्या तारांचं तसंच आहे. प्रत्येक चिपमध्ये एक इलेक्ट्रॉनिक खटका असतो. तो तार जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडतो किंवा सोडून देतो, याहून जास्त काही नाही. याला ओपन ड्रेन म्हणतात. तार वर, म्हणजे ३.३ व्होल्टकडे नेण्याचं काम एका साध्या रेझिस्टरचं. तो पुल-अप रेझिस्टर. सगळ्यांनी हात सोडला की तार आपोआप वर जाते, म्हणून कुणीच काही बोललं नाही तर वाचणाऱ्याला १ दिसतो. फायदा असा की दोन चिप एकाच वेळी बोलल्या तरी ३.३ व्होल्ट आणि जमीन थेट भिडून काही जळत नाही.

पण खाली ओढणारा खटका दणकट आणि वर नेणारा रेझिस्टर बेताचा, त्यामुळे खाली येणं झटक्यात होतं आणि वर जाणं रेंगाळतं. तारेला, सॉकेटला, प्रत्येक चिपच्या पायाला थोडी कपॅसिटी असते. ती भरल्याशिवाय व्होल्टेज चढत नाही आणि भरणारा प्रवाह रेझिस्टरमधूनच यायचा. व्होल्टेज ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जायला लागणारा वेळ आयटूसीत चढण्याचा वेळ धरला जातो. तो काढायचं सूत्र छोटं आहे:

```
tr = 0.8473 × R × C
```

मर्यादाही ठरलेल्या आहेत. सेकंदाला १ लाख ठोक्यांच्या वेगाला चढण्याचा वेळ जास्तीत जास्त १००० नॅनोसेकंद, ४ लाखांच्या वेगाला ३००. या मर्यादा मनाला येईल तशा घातलेल्या नाहीत. १ लाखाच्या वेगात एका ठोक्याला १० मायक्रोसेकंद मिळतात. तार निदान ४.७ खाली हवी, निदान ४ वर हवी, चढायला १ आणि उतरायला ०.३. बेरीज केली तर बरोबर १० भरते. चढायला जास्त वेळ घेतला तर तो कुणाच्या तरी वाट्यातून जाणार.

आता पॉलीहाऊसकडे येऊ. टेबलावर सेन्सर वीतभर तारेने जोडला होता, तेव्हा एकूण कपॅसिटी समजा ४० पिकोफॅरड होती आणि रेझिस्टर ४.७ किलोओहमचा. चढण्याचा वेळ सुमारे १६० नॅनोसेकंद, काळजीचं कारणच नाही. मग तोच सेन्सर ३ मीटर केबल लावून आत टांगला. केबलचे मीटरला ७० पिकोफॅरड धरले तर २१० वाढले, एकूण २५०. चढण्याचा वेळ ९९६ नॅनोसेकंद. म्हणजे १ लाखाच्या वेगाला काठावर पास आणि कुणी प्रोग्राममध्ये ४ लाखांचा वेग लिहून ठेवला असेल तर सपशेल नापास. मॉड्यूलवर ४.७ ऐवजी १० किलोओहमचे रेझिस्टर असतील तर हाच वेळ २१०० च्या वर जातो.

मग रेझिस्टर लहान करू या, असं कुणीही म्हणेल. करावाच, पण खालूनही मर्यादा आहे. साध्या चिपच्या खटक्याकडून तार ०.४ व्होल्टच्या खाली ठेवत ३ मिलिअँपिअर ओढण्याचीच हमी असते. ३.३ व्होल्टवर हिशेब केला तर रेझिस्टर ९६७ ओहमपेक्षा लहान चालत नाही. आपल्या २५० पिकोफॅरडच्या केबलला ४ लाखांचा वेग हवा असेल तर तो १४१६ ओहमपेक्षा मोठाही चालत नाही. मधल्या फटीत १.२ किलोओहम बसतो. कपॅसिटी ४०० पिकोफॅरड झाली, जी नियमातली कमाल आहे, तर वरची मर्यादा ८८५ ओहमवर येते आणि फट बंदच होते. तिथे जास्त प्रवाह ओढणारी चिप लागते किंवा मध्ये बफर. माझं मत विचाराल तर तापमान मिनिटाला एकदा वाचायचं असताना ४ लाखांचा हट्ट कशाला? वेग १ लाखावर आणावा आणि ३.३ किलोओहमचे रेझिस्टर लावावेत. चढण्याचा वेळ ७०० वर येतो आणि वर जागाही उरते.

उलटी चूकही बरीच होते. बाजारातल्या बहुतेक मॉड्यूलवर पुल-अप आधीच लावलेले असतात. ४.७ किलोओहमवाली पाच मॉड्यूल एकाच तारेवर लावली की ते सगळे समांतर होऊन ९४० ओहम उरतात. मग एखादी अशक्त चिप तार पुरती खाली आणू शकत नाही.

हे सगळं ऑसिलोस्कोपवर लगेच दिसतं. उतरती कड उभी आणि चढती कड वाकडी, वर पोचण्याआधीच पुन्हा खाली येणारी. स्वस्तातला लॉजिक अॅनालायझर इथे फसवतो. तो फक्त ० किंवा १ काढतो, त्यामुळे त्याच्या पडद्यावर सगळ्या कडा सरळच दिसतात.

आता दुसरा संशयित. एससीएलही ओपन ड्रेनच असते, म्हणजे ठोके कंट्रोलर देत असला तरी ती तार सेन्सरही खाली धरून ठेवू शकतो. 'थांब, माझं झालेलं नाही' असं सांगण्याची ही अधिकृत सोय आहे. हिला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. कंट्रोलरने आपला हात सोडल्यावर तार खरोखर वर गेली का ते पाहायचं आणि गेल्यावरच पुढचा वेळ मोजायचा. नीट बनवलेला कंट्रोलर रेंगाळत चढणाऱ्या तारेसाठीही असाच थांबतो, म्हणून लांब केबलवर प्रत्यक्ष वेग लिहिलेल्यापेक्षा थोडा कमी भरतो.

एसएचटी२१ ला तापमान मोजायला सांगण्याच्या दोन आज्ञा आहेत. `0xE3` दिली की मोजणी होईपर्यंत तो एससीएल धरून बसतो. ही मोजणी पूर्ण १४ बिटांची असेल तर ८५ मिलिसेकंदांपर्यंत चालू शकते. ठोका १० मायक्रोसेकंदांचा आणि थांबणं ८५,००० मायक्रोसेकंदांचं! आयटूसीच्या नियमात किती वेळ थांबवावं याला मर्यादाच नाही. १९९५ मध्ये तिच्याच धर्तीवर आलेल्या एसएमबसने मर्यादा घातली. तिथे एससीएल ३५ मिलिसेकंदांहून जास्त खाली राहिली तर व्यवहार मोडला असं धरतात.

हाच सेन्सर पहिल्या पिढीच्या रास्पबेरी पायला जोडला तर काय होतं? त्यातल्या बीसीएम२८३५ चिपमध्ये वाट पाहण्याची मूळ मुदत ६४ ठोक्यांची आहे. १ लाखाच्या वेगाला ती ६४० मायक्रोसेकंद होते. ड्रायव्हरने ती वाढवली किंवा बंद केली नसेल तर ८५ मिलिसेकंद तिच्यात कुठून मावणार? शिवाय या चिपमध्ये एक जुना दोष आहे. सेन्सरने तार नको त्या क्षणी सोडली की ती अगदी आखूड ठोका देते. सेन्सरला तो ठोका दिसतच नाही आणि तिथून पुढचे बिट एकेक जागा सरकतात. काही कंट्रोलर आणि घाईत लिहिलेले प्रोग्राम तर तार वर गेली का हे पाहतच नाहीत. सेन्सर मोजतोय, हे वाचतायत, एसडीए कुणीच ओढलेली नाही. मग सगळे १ आणि १२८.८६.

यावरचा उपाय पहिल्या आज्ञेचा नाद सोडण्याचा आहे. `0xF3` दिली की सेन्सर तार मोकळी ठेवून मोजत बसतो.

```
Wire.beginTransmission(0x40);
Wire.write(0xF3);
Wire.endTransmission();
delay(100);
Wire.requestFrom(0x40, 3);
```

लवकर विचारलं तर सेन्सर पोच देत नाही, एवढंच. मागवलेल्या तीन बाइटांपैकी तिसरी पडताळणीची असते. ती तपासणारा प्रोग्राम १२८.८६ कधीच दाखवणार नाही, कारण सगळे १ आले की पडताळणी जुळत नाही. एचटीयू२१डी आणि एसआय७०२१ या सेन्सरनाही याच आज्ञा चालतात.

तार कोण धरून बसलंय हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. सेन्सरच्या पायाशी एससीएलमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि ऑसिलोस्कोप कंट्रोलरच्या बाजूला लावायचा. ३.३ किलोओहमच्या पुल-अपमधून साधारण १ मिलिअँपिअर येतो. त्यामुळे सेन्सर तार ओढत असेल तेव्हा खालची पातळी जवळजवळ ०.१ व्होल्टने उंच दिसते. कंट्रोलर ओढत असेल तर ती तळालाच राहते.

आणि एखाद्या बिघाडाने सेन्सरने एससीएल सोडलीच नाही तर? एसडीए अडकली असेल तर कंट्रोलर नऊ ठोके देऊन ती सोडवू शकतो. पण ठोक्याची तारच खाली धरलेली असेल तर ठोके द्यायचे कशावर? मग सेन्सरचा वीजपुरवठा तोडून पुन्हा द्यावा लागतो. एसएचटी२१ ला अर्ध्या मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो, त्यामुळे तो कंट्रोलरच्या एखाद्या मोकळ्या पायावरूनच चालवता येतो. मात्र पुल-अप रेझिस्टरही त्याच पायावरून घ्यावे लागतात. नाहीतर पुरवठा तोडला तरी तारांतून झिरपणाऱ्या विजेवर सेन्सर अर्धवट जिवंत राहतो आणि एससीएल धरून ठेवतो.