भंगाराचे पैसे कोणत्या खात्यात?

भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये गेलात तर यंत्रांच्या मागे पत्र्याच्या कातरणाचा ढीग दिसतो. डाय पत्र्यातून हवा तो आकार कापून घेते आणि उरलेली जाळी, कडा, पंचिंगच्या टिकल्या खाली पडतात. ठरावीक दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येतो, वजनकाट्यावर माल तोलला जातो आणि पैसे जमा होतात. हे पैसे हिशेबात कुठे धरायचे, यावर मालाची किंमत, वर्षअखेरीच्या साठ्याचं मूल्य आणि पुढच्या ऑर्डरचा भाव असं सगळंच अवलंबून असतं. तरीही अनेक लहान कारखान्यांत ते सवयीने ‘इतर उत्पन्ना’त टाकले जातात आणि पुढे कुणी विचारत नाही.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. एका ब्रॅकेटला दीड किलो पत्रा लागतो. तयार पीस एक किलोचा, म्हणजे अर्धा किलो कातरण. पत्रा 64 रुपये किलो आणि कातरण विकलं जातं 32 रुपये किलोने. पत्र्याचा खर्च 96 रुपये, मजुरी, वीज व इतर उत्पादन खर्च 20 रुपये. मिळून 116. कातरणाचे 16 रुपये वजा केले तर पीस 100 रुपयांना पडतो. विक्रीची किंमत 120.

वर्षात एक लाख पीस बनले, नव्वद हजार विकले गेले, दहा हजार गोदामात राहिले. कातरणाचे 16 लाख रुपये आले. ते इतर उत्पन्नात धरले तर विकलेल्या मालाचा खर्च 104 लाख 40 हजार, विक्री 108 लाख, म्हणजे मालावरचा नफा जेमतेम 3 लाख 60 हजार. त्यात भंगाराचे 16 लाख मिळवले की एकूण 19 लाख 60 हजार. तेच पैसे खर्चातून वजा केले तर विकलेल्या मालाचा खर्च 90 लाख आणि नफा 18 लाख.

एक लाख 60 हजारांचा हा फरक गोदामात पडून आहे. पहिल्या पद्धतीत न विकलेले दहा हजार पीस 116 रुपयांनी मांडले गेले, दुसरीत 100 रुपयांनी. म्हणजे पहिल्या पद्धतीत न विकलेल्या मालाच्या कातरणाचे पैसेसुद्धा याच वर्षीचा नफा म्हणून मोजले गेले. पुढच्या वर्षी तो साठा विकला गेला की फरक उलटा फिरतो, पण तोवर यंदाच्या नफ्यावर कर भरलेला असतो आणि बँकेला दाखवलेला साठाही फुगलेला असतो. शिवाय पहिल्या हिशेबात कारखाना ब्रॅकेटवर जवळपास काहीच कमवत नाही असं दिसतं, जे खरं नाही.

साठ्याच्या मूल्यांकनाचं भारतीय लेखा मानक, म्हणजे एएस 2, याबाबत स्पष्ट आहे. उपपदार्थ, भंगार आणि टाकाऊ माल किरकोळ स्वरूपाचे असतील, तर विक्रीखर्च वजा जाता त्यांचे जे पैसे मिळतील ते बहुधा मुख्य मालाच्या खर्चातून कमी केले जातात. पण नफातोटा पत्रकात विक्री कुठे दाखवायची, हा वेगळा प्रश्न आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 नुसार उत्पादनातून निघालेल्या भंगाराची विक्री ‘इतर परिचालन महसूल’ या शीर्षकाखाली, म्हणजे धंद्याच्या मुख्य महसुलातच मोडते, कारण ती उत्पादनातूनच आलेली असते. ‘इतर उत्पन्न’ हे व्याज, लाभांश अशा गोष्टींसाठी आहे. जुनी प्रेस मोडीत काढली तर तिचा नफा तिथे जाईल, रोजचं कातरण नाही. पत्रकात विक्री महसुलात दाखवायची आणि साठ्याची किंमत काढताना ती खर्चातून वजा धरायची, या दोन गोष्टी एकाच वेळी बरोबर असतात. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

ग्राहक कंपनीला मात्र यात कधीच गोंधळ नसतो. वाहन कंपनीचा खरेदी विभाग भाव ठरवताना तयार पिसाचं वजन, लागणाऱ्या पत्र्याचं वजन आणि कातरणाचा दर असे तिन्ही आकडे मागतो आणि कातरणाचे पैसे भावातून कापतो. 116 धरून भाव देणाऱ्याच्या हातून ऑर्डर जाते. उलट चढ्या दराने कातरण धरून भाव बांधला आणि नंतर दर 32 वरून 24 वर आला, तर पिसामागे चार रुपये बुडतात. वीस रुपयांच्या नफ्यात ही मोठी गळती आहे. पत्र्याचा दर बदलला की भाव बदलायचा असा करार असेल, तर कातरणाचा दरही त्याच करारात बांधून घ्यायला हवा. पुष्कळ लहान उद्योजक हे विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

सगळंच भंगार मात्र असं वजा करता येत नाही. डायची सेटिंग चुकली आणि दोन हजार पीस फुकट गेले, तर ते नेहमीचं कातरण नव्हे. पीस 100 रुपयांना पडलेला, भंगारात त्याचे 32 आले. उरलेले 68, म्हणजे एकूण एक लाख 36 हजार, थेट नफातोटा पत्रकात जायला हवेत. ते चांगल्या पिसांच्या माथी मारले तर चूक खर्चात मुरते आणि पुढच्या भावातही शिरते. ओळखण्याचा मार्ग वजनाचा ताळमेळ: दिलेल्या पत्र्याचं वजन, चांगल्या पिसांचं वजन, विकलेलं आणि शिल्लक कातरण. दीड लाख किलो पत्र्यातून एक लाख पीस निघाले, तर पन्नास हजार किलो कातरण दिसलं पाहिजे. पत्रा दीड लाख किलोच, पण पीस कमी आणि भंगार जास्त, तर रिजेक्शन. पीस पूर्ण, पण कातरण सेहेचाळीस हजारच, तर चोरी, चुकीचा काटा, किंवा पिसाचंच वाढलेलं वजन. म्हणून चार पीस तोलून बघितल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये.

उपपदार्थ मोठा असला की हिशेब आणखी गंभीर होतो. साखर कारखान्यात मळी, बगॅस आणि प्रेसमड निघतात. 2012 मध्ये रंगराजन समितीने ऊस उत्पादकाला साखर व या उपपदार्थांच्या मूल्याच्या 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या मूल्याच्या 75 टक्के द्यावेत असं सुचवलं. ही वाटणी महाराष्ट्रात 2013 च्या ऊसदर कायद्याने आली. म्हणजे मळीचा भाव हा फक्त कारखान्याच्या खात्याचा विषय उरत नाही.

मळी बाहेर विकली तर तिचा भाव बाजार ठरवतो. स्वतःच्याच डिस्टिलरीला दिली तर तो भाव कारखानाच लिहितो. तो कमी लिहिला की साखर महाग पडल्याचं दिसतं आणि नफा डिस्टिलरीकडे सरकतो. बी-हेवी मळीतून इथेनॉल करायचं ठरवलं, की साखरेचा काही भाग मुद्दाम तिच्यात सोडलेला असतो. अशा मळीला किरकोळ उपपदार्थ मानून साखरेच्या खर्चातून वजा करणं पटणारं नाही. तिथे उसाचा खर्च दोन्ही मालांमध्ये त्यांच्या विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटायला हवा. शेतकऱ्याच्या प्रतिनिधीने ताळेबंद हाती घेतला तर मळीच्या किमतीची ओळ आधी पाहावी: किती टन, कोणाला आणि कुठल्या दराने.