काचेच्या सामानाची एक ओळ

संशोधनासाठी सरकारी अनुदान मागणाऱ्या प्रस्तावात शेवटच्या पानांवर अंदाजपत्रक असते आणि प्रत्येक रकमेखाली तिचे समर्थन लिहायला जागा सोडलेली असते. ही जागा बहुतेकदा शेवटच्या रात्री भरली जाते. मनुष्यबळापुढे ‘प्रकल्पाच्या कामासाठी’, रसायनांपुढे ‘प्रयोगांसाठी आवश्यक’, प्रवासापुढे ‘क्षेत्रभेटी व परिषदा’ असे लिहिले जाते. वाचणाऱ्या समीक्षकाला यातून रक्कम कळते, पण ती कशी आली हे कळत नाही. मग तो अंदाजाने कापतो, आणि असे कापणे प्रस्तावाला फार महागात पडते.

यावरचा उपाय म्हणजे समर्थन नव्याने लिहिणे आणि लिहिताना प्रत्येक खर्च प्रस्तावातल्या एका ठरावीक कामाला बांधणे. तो बांधताना काय काय उघडे पडते, हे एका नमुन्यावरून पाहू. नमुना कल्पित आहे आणि त्यातले भाडे, मानधन वगैरे दर उदाहरणापुरते आहेत. प्रश्न मात्र खरा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडेही धरतात.

एका महाविद्यालयाचा तीन वर्षांचा प्रस्ताव असा आहे. 60 हातपंप व विहिरींचे पाणी दर वर्षी दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, तपासायचे. शाळांतल्या 12 वर्षांच्या मुलांचे दात पाहायचे. घरोघरी किती पाणी प्यायले जाते याची नोंद घ्यायची. पहिल्या मसुद्यात अंदाजपत्रकाच्या ओळी अशा होत्या: ‘रसायने व काचसामान’, ‘आयन क्रोमॅटोग्राफ’, ‘प्रवास 4,00,000 रुपये’, ‘एक संशोधन छात्र, 36 महिने’.

जाणता समीक्षक पहिल्यांदा ‘काचसामान’ या शब्दावर थांबेल. फ्लोराइडचे नमुने शक्यतो पॉलिथिनच्या बाटल्यांत घेतात आणि मोजणीही प्लास्टिकच्या चंचुपात्रांत करतात, कारण फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करतो. म्हणजे ही ओळ जुन्या कुठल्यातरी प्रस्तावातून उचललेली आहे. रक्कम लहान असली तरी ज्याने हे काम हाताने केले आहे त्याने अंदाजपत्रक लिहिलेले नाही, अशी शंका येते आणि ती पुढच्या प्रत्येक ओळीवर पसरते.

नव्याने लिहिताना सुरुवात रकमेपासून न करता कामापासून करायची. 60 स्रोत, वर्षातून दोन फेऱ्या, तीन वर्षे, म्हणजे 360 नमुने. मोजणी विश्वासार्ह आहे का हे कळण्यासाठी दर दहावा नमुना दुहेरी घ्यायचा, म्हणजे आणखी 36. एकूण 396. फ्लोराइड मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे फ्लोराइड इलेक्ट्रोड. त्यात पाण्याइतकेच ‘टिसॅब’ नावाचे द्रावण मिसळतात. पाण्याची आम्लता योग्य पातळीवर ठेवणे आणि इतर धातूंनी पकडून ठेवलेले फ्लोराइड मोकळे करणे हे त्याचे काम. एका मोजणीला 25 मिलिलिटर, प्रत्येक नमुना दोनदा मोजायचा, तर नमुन्याला 50 मिलिलिटर टिसॅब लागते. 396 नमुन्यांना सुमारे 20 लिटर. एका दिवसात 12 नमुने धरले तर प्रयोगशाळेचे 33 दिवस होतात. रोज उपकरण जुळवायला पाच प्रमाणित द्रावणे लागतात, त्यांचे आणखी चार लिटर. थोडी सांडलवंड धरून मागणी 25 लिटरची.

एवढे लिहिल्यावर समर्थन दोन वाक्यांत मावते: ‘काम क्रमांक 1, पाण्यातील फ्लोराइडची मोजणी: 396 नमुने, प्रत्येकी 50 मिलिलिटर, अधिक 33 दिवसांची प्रमाणित द्रावणे, एकूण 25 लिटर. दर सोबतच्या कोटेशनप्रमाणे.’ समीक्षकाला आता रकमेवर विश्वास ठेवायला लागत नाही, कारण तो स्वतः गुणाकार करून पाहू शकतो.

सगळेच इतके मोजता येत नाही आणि मोजायचा अट्टहासही करू नये. पिपेटची टोके, हातमोजे, लेबले यांची एकत्र गोळाबेरीज पुरते. ती नमुन्यांच्या संख्येशी जुळणारी असली म्हणजे झाले. रुपया-पैशापर्यंत नेमका आकडा लिहिला तर तो मागाहून जुळवल्यासारखा दिसतो.

हाच हिशोब यंत्राला लावला की चित्र पालटते. आयन क्रोमॅटोग्राफ हे लाखो रुपयांचे यंत्र. पाण्यातले फ्लोराइड, क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट ते एकाच वेळी मोजते. एका नमुन्याला साधारण 20 मिनिटे धरली तर 396 नमुन्यांना 132 तास. तीन वर्षांत 132 तास चालणाऱ्या यंत्राची खरेदी कुणाला पटावी? मुळात उद्दिष्टांत नायट्रेट-सल्फेटचा उल्लेखही नाही. ‘विभागातील इतर विद्यार्थ्यांनाही उपयोग होईल’ हे वाक्य इथे हमखास येते. ते खरे असले तरी या प्रकल्पाचे समर्थन होत नाही. नव्या मसुद्यात यंत्र गेले. त्याच्या जागी एक मीटर, दोन इलेक्ट्रोड आणि निवडक नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पडताळून घेण्याचे शुल्क आले. दुसरा इलेक्ट्रोड कशाला, हेही लिहावे लागले: फेरीच्या ऐन मध्यावर एक बिघडला तर मे महिन्याचे नमुने पुन्हा वर्षभर मिळणार नाहीत.

प्रवासाचे चार लाख उलगडायलाही असाच वेळ द्यावा लागला. दिवसाला दहा स्रोत होतात, म्हणून एका फेरीला सहा दिवस आणि सहा फेऱ्यांना 36 दिवस. गाडी दिवसाला 3,500 रुपयांनी 1,26,000 रुपये. दोघांचा पाच रात्री मुक्काम, सहा फेऱ्या, रात्री माणशी 1,000 रुपयांनी 60,000 रुपये. जेवण दिवसाला माणशी 400 रुपयांनी 28,800 रुपये. पाण्याच्या नमुन्यांचा प्रवास इथे संपतो: 2,14,800 रुपये. परिषदेची ओळ वेगळी काढून तिसऱ्या वर्षात टाकली, कारण पहिल्या वर्षी मांडायला निष्कर्षच नसतील. यवतमाळमध्ये मे महिन्यात काही हातपंप कोरडे पडतात, म्हणून पर्यायी स्रोतांची यादीही जोडली. तिच्यामुळे दिवसांची संख्या बदलत नाही, पण प्रदेश पाहून लिहिले आहे एवढे वाचणाऱ्याला कळते.

इथवर खर्चाकडून कामाकडे तपासणी झाली. उलट दिशेने, एकेक काम घेऊन त्याचा खर्च कुठे दाखवला आहे हे पाहिले तेव्हा अधिक गंभीर गोष्ट हाती लागली. मुलांचे दात पाहण्याच्या कामाला अंदाजपत्रकात एक रुपयाही नव्हता. दातांवरच्या डागांची श्रेणी ठरवायला डीन यांची वर्गवारी वापरतात. 1942 पासून वापरात असलेल्या या पद्धतीत सहा पायऱ्या आहेत आणि ‘शंकास्पद’ व ‘अतिसौम्य’ यांतला फरक प्रशिक्षित डोळ्यालाच कळतो. रसायनशास्त्राचा छात्र ते करू शकत नाही, दंतवैद्य हवा. 20 शाळा, दिवसाला दोन, म्हणजे दहा दिवसांचे त्याचे मानधन आणि गाडी. शिवाय मुलांवरच्या अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता, पालकांची लेखी संमती आणि खुद्द मुलांचा होकार लागतो. मराठी संमतिपत्रांची छपाई आणि पालकसभांसाठीच्या फेऱ्या हाही खर्चच आहे. हे सारे ‘आकस्मिक खर्चा’त बसेल असे पहिल्या मसुद्यात गृहीत धरले होते. पण आधीपासून ठाऊक असलेला खर्च आकस्मिक कसा?

सर्वांत अवघड ओळ माणसाची. संशोधन छात्राला 2023 पासून पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि वरिष्ठ झाल्यावर 42,000 रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. बहुतेक प्रकल्पांत हाच मोठा खर्च असतो आणि त्याचेच समर्थन सर्वांत त्रोटक असते. नमुन्याच्या प्रकल्पात पाणी गोळा करायचे 36, प्रयोगशाळेचे 33 आणि शाळांचे 10 असे दिवस मोजले तर बेरीज 79 येते. मग तीन वर्षे माणूस कशाला, हा प्रश्न समीक्षकाच्या आधी लिहिणाऱ्यालाच पडला.

उत्तर तिसऱ्या उद्दिष्टात होते. घरोघरच्या पाहणीचे दिवस कुणी धरलेच नव्हते. प्रत्येक स्रोतामागे दहा घरे, म्हणजे 600. दिवसाला आठ घरे धरली तर 75 दिवस. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात माणूस सारखे पाणी पीत नाही, म्हणून पाहणी दोनदा, म्हणजे 150 दिवस. पावसाळ्याचे महिने रिकामे दिसतात म्हणून पाहणी तिथे ढकलणे सोयीचे झाले असते, पण त्या दिवसांत घरे दुसऱ्या स्रोतांकडेही वळतात आणि आकडे फसवे येतात. तेव्हा ते महिने बाटल्या धुणे, नोंदी संगणकावर चढवणे आणि नकाशे करणे यांसाठी ठेवले, आणि तसे महिनावार लिहिले.

एक व्यावहारिक दुरुस्तीही सुचली. अनुदान मंजूर झाल्यावर जाहिरात, मुलाखत, निवड यांत काही महिने जातात. पहिल्या दिवसापासून पगार धरला तर ती रक्कम पडून राहते आणि वर्षाअखेरीच्या उपयोगिता प्रमाणपत्रात शिल्लक म्हणून दिसते. प्रकल्प जानेवारीत सुरू झाला आणि छात्र एप्रिलमध्ये रुजू झाला तरी मेची पहिली फेरी गाठता येते. म्हणून मागणी 36 ऐवजी 33 महिन्यांची केली: 24 महिने 37,000 रुपयांनी आणि 9 महिने 42,000 रुपयांनी, घरभाडे सोडून 12,66,000 रुपये.

अमेरिकेतल्या केंद्रीय अनुदानांच्या नियमांत खर्च वाजवी आणि नियमात बसणारा असण्याबरोबरच त्या प्रकल्पाच्या वाट्याला येणारा असावा, अशी स्वतंत्र अट आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अर्ज करताना हे समर्थन पाच पानांत बसवावे लागते. भारतीय अर्जांत जागा याहून कमी मिळते, म्हणून सगळा हिशोब अर्जात उतरत नाही. तो एका तक्त्यात करून जवळ ठेवायचा आणि अर्जात त्याचा निष्कर्ष द्यायचा. आडव्या ओळीत कामे, उभ्या रकान्यात खर्चाची शीर्षे असा साधा तक्ता पुरतो. एखादा रकाना पूर्ण रिकामा राहिला तर तो खर्च बेवारस आहे, आणि एखादी ओळ रिकामी राहिली तर ते काम होणार नाही.

हाच तक्ता कपातीच्या वेळी कामाला येतो. समजा, मंजुरीपत्रात प्रवासाचे 36,000 रुपये कमी केले. ठोक रक्कम मागितलेल्या संशोधकाला ओढाताण करत सहाही फेऱ्या अर्धवट कराव्या लागतात. तक्ता जवळ असलेला संशोधक एका फेरीचा खर्च पाहतो: गाडी 21,000, मुक्काम 10,000, जेवण 4,800, एकूण 35,800 रुपये. तो समितीला कळवू शकतो की तिसऱ्या वर्षीची मे महिन्याची फेरी गळेल, नमुने 396 वरून 330 होतील आणि उन्हाळ्याची तुलना तीनऐवजी दोन वर्षांवर होईल. एवढी माहिती समोर असल्यावर रक्कम परत द्यायची की दोन उन्हाळ्यांवर भागवायचे, हे समितीला ठरवता येते.