रेखाचित्र अनेकांसारखे का दिसते?

गैरसमज : रेखाचित्र म्हणजे संशयिताचा हाताने काढलेला फोटोच. चेहरा जुळला की माणूस सापडला.

वस्तुस्थिती : ते साक्षीदाराच्या आठवणीचे चित्र असते. अनोळखी माणूस एकदाच दिसला, तर त्याचे केस, कपाळ, चेहऱ्याची ठेवण लक्षात राहते. डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्यातली अंतरे धूसर राहतात. ओळखीच्या माणसाला मात्र आपण मुख्यतः याच धूसर भागावरून ओळखतो. त्यामुळे इंदूरच्या एखाद्या ठाण्यात लावलेल्या चित्रातले दाट केस आणि गोल चेहरा राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत शेकडो तरुणांना लागू पडतो, आणि ज्याचे ते चित्र आहे त्याचा सख्खा भाऊही ते पाहून पुढे जाऊ शकतो.

20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. मारेकरी मोटरसायकलवरून पळाले. पाहणाऱ्यांना मिळाले ते काही क्षण. पुढे रेखाचित्रे प्रसिद्ध झाली. सीबीआयने 2016च्या आरोपपत्रात दोन फरार व्यक्तींना मारेकरी म्हटले आणि त्यांचे चेहरे रेखाचित्रांशी मिळतात, असे तेव्हा सांगितले जात होते. 2018मध्ये सीबीआयनेच दुसऱ्या दोघांना अटक केली आणि 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्या दोघांना जन्मठेप सुनावली. साम्य एका जोडीशी, शिक्षा दुसऱ्या जोडीला. रेखाचित्रातले साम्य पुरावा का ठरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात, 22 ऑगस्टला, मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात वेगळे घडले. पीडितेने आणि तिच्या सहकाऱ्याने आरोपींना बराच वेळ, अगदी जवळून पाहिले होते. रेखाचित्रेही लगेच काढली गेली. पाचही आरोपी काही दिवसांतच पकडले गेले.

पाहणे आणि चित्र काढणे यांच्यामध्ये किती वेळ जातो, यावर फार अवलंबून असते. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात चेहरा पाहिल्यानंतर दोन दिवसांनी चित्रे करून घेतली. हाताने काढलेल्या चित्रांवरून ओळखीच्या लोकांनी शंभरातून जेमतेम आठ वेळा बरोबर नाव सांगितले. संगणकावर नाक-डोळे जोडून केलेली चित्रे त्याहूनही मागे पडली, कारण चेहरा मनात सुट्या अवयवांनी साठत नाही, अखंड साठतो.

गैरसमज : चार साक्षीदारांनी एकत्र बसून सांगितले तर चित्र अचूक होते.

उलट, एकाने ठामपणे ‘मिशी होती’ म्हटले की दुसऱ्यालाही मिशी आठवू लागते. प्रत्येकाकडून वेगळे चित्र करून घेऊन नंतर ती एकमेकांत मिसळली, तर प्रयोगांत साम्य वाढलेले दिसले. चुका ज्याच्या त्याच्या असतात, त्या पुसट होतात. खरे तेवढे उरते.

तुमच्यासमोर गुन्हा घडला, तर इतरांशी बोलण्याआधी आठवते ते लिहून काढा. आठवत नाही ते रिकामे सोडा. आणि चित्रासारखा कुणी दिसला, तर पोलिसांना कळवा, पण त्याचा फोटो गुन्हेगार म्हणून पुढे पाठवू नका.